कॅटच्या सेंटेन्स प्लेसमेंट प्रश्नांत वाक्याची जागा कशी ओळखावी?

अर्धविराम

नमस्कार. मी सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि या नोव्हेंबरमध्ये कॅट देणार आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. उतारे वाचून उत्तरे देणे आता बऱ्यापैकी जमते. सारांशाचे प्रश्नही जमतात. अडते ते एकाच प्रकारापाशी. परिच्छेदातून एक वाक्य काढून ते वेगळे दिलेले असते, परिच्छेदात चार रिकाम्या जागा असतात आणि ते वाक्य कोणत्या जागी बसेल ते ठरवायचे असते. गेल्या सहा सराव चाचण्यांत असे अकरा प्रश्न आले, त्यांतले चार बरोबर आणि सात चूक. बरोबर उत्तराचे तीन आणि चुकीचा वजा एक या हिशेबाने अकरा प्रश्नांतून हाती आले पाच गुण.

क्लासमध्ये आम्हाला जोडशब्दांची यादी दिली होती: हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, फॉर इन्स्टन्स वगैरे. ती पाठ आहे. तरीही चुकते. एक प्रश्न नमुन्यादाखल देतो. येथे देवनागरीतच लिहावे असा नियम असल्यामुळे मी त्याचे भाषांतर केले आहे.

काढलेले वाक्य: *ही तडजोड मात्र वेळापत्रकापुरतीच राहिली, गावांतली घड्याळे पूर्वीप्रमाणेच चालत होती.*

परिच्छेद: *एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील मोठी शहरे आपापली घड्याळे स्थानिक सूर्यावर लावत असत. (१) रेल्वेचे जाळे पसरू लागले तेव्हा ही पद्धत गैरसोयीची ठरली, कारण एकच गाडी वाटेत अनेक वेळांमधून जात असे. (२) त्यावर उपाय म्हणून रेल्वेने मुंबई आणि कलकत्ता यांच्या जवळजवळ मधोमध पडणारी मद्रासची वेळ आपल्या मार्गांसाठी स्वीकारली. (३) ही दुहेरी व्यवस्था मोडण्यासाठी १९०६ साली ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली एकच प्रमाणवेळ देशभर लागू करण्यात आली. (४) मुंबईने तिला विरोध केला आणि तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकवून धरली.*

मी ४ निवडले. माझा विचार असा होता की "मात्र" म्हणजे विरोध. सरकारने एक वेळ लागू केली, पण गावांतली घड्याळे तशीच राहिली, आणि लगेच पुढे मुंबईचे उदाहरण येते. उत्तरपत्रिकेत ३ आहे. मला अजूनही ४ चुकीचे का, हे नीट पटलेले नाही.

---

पंचमी

यात अवघड काहीच नाही. इंग्रजीत धिस, दीज, सच किंवा द आले की त्याला लागून असलेला शब्द आधीच्या वाक्यात सापडला पाहिजे. तो जिथे सापडेल तिथेच वाक्य बसते. मी गेल्या वर्षी याच एका नियमावर हे प्रश्न सोडवले आणि बहुतेक बरोबर आले. तुमच्या परिच्छेदात "तडजोड" हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे हा प्रश्नच सदोष आहे. यावर वेळ घालवू नका.

---

उंबरठा

अर्धविराम, मी पुण्यात बारा-तेरा वर्षे हा विषय शिकवतो आणि अधूनमधून सराव चाचण्यांसाठी असे प्रश्न तयारही करतो, त्यामुळे प्रश्न लिहिणारा कुठे बसून पाहत असतो ते थोडे सांगू शकेन.

तुमची चूक "मात्र" या शब्दाने झाली. जोडशब्द तुम्हाला फक्त नाते सांगतो, नातेवाईक कोण ते सांगत नाही. विरोध दाखवायला दोन गोष्टी लागतात, आणि अशा दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात दोन-तीन ठिकाणी सापडतात. हे प्रश्न लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो हाउएव्हर असलेले वाक्य निवडतो आणि मग कुठेतरी दुसरा विरोध शाबूत ठेवतो. येथे तो विरोध मुंबईचा आहे. आपण त्या सापळ्यात सरळ पाय ठेवलात.

आता वाक्यातले दुसरे शब्द पाहा. "तडजोड" म्हणजे दोन पक्षांमधले काहीतरी. परिच्छेदात असे काय आहे? मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधोमध पडणारी मद्रासची वेळ. "मधोमध" हा शब्द लेखकाने उगाच घातलेला नाही. त्यानंतर "वेळापत्रकापुरतीच" पाहा. वेळापत्रक कोणाचे असते? रेल्वेचे. सरकारने १९०६ साली जी वेळ लागू केली ती देशभरासाठी होती, तिला "वेळापत्रकापुरती" म्हणता येणार नाही. ४ या जागेला तुमचे वाक्य ठेवले तर त्याच्या आधीचेच वाक्य त्याला खोटे ठरवते.

एवढे झाल्यावर पुढच्या बाजूने पडताळा घ्या, कारण बहुतेक विद्यार्थी मागे पाहतात आणि थांबतात. ३ च्या पुढचे वाक्य "ही दुहेरी व्यवस्था" असे सुरू होते. दुहेरी कशी? रेल्वेची एक वेळ आणि गावाची दुसरी. काढलेले वाक्य तिथे नसेल तर ३ च्या आधी फक्त रेल्वेची एकच वेळ दिसते आणि "दुहेरी" हा शब्द अधांतरी राहतो. वाचक अंदाजाने ते भरून काढतो, म्हणून परिच्छेद वाक्याविनाही चालल्यासारखा वाटतो; पण तो चालतो तो लंगडत. हा लंगडेपणा जिथे आहे तिथे जागा आहे.

पंचमी यांच्या नियमाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. तो अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा नियमच परीक्षेत जास्त महागात पडतो.

---

सोनचाफा

मला एक शंका आहे. माझी मुलगी केंब्रिजची बी-टू फर्स्ट परीक्षा देत आहे. तिच्या वाचनाच्या सहाव्या भागात सहा वाक्ये काढलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात. आपण म्हणता तसे पुढची बाजू पाहून ती करते, तरी एक चुकले की दुसरेही चुकते. ती सगळी वाक्ये आधी योग्य क्रमाने लावून मग भरू लागली तर चालेल का? क्रम लावण्याचे प्रश्न कॅटमध्येही असतात ना?

---

टेम्सकाठ

सोनचाफाताई, क्रम लावणे आणि जागा शोधणे हे दोन वेगळे खेळ आहेत. कॅटमधल्या क्रमाच्या प्रश्नांत वाक्ये एकमेकांना थेट चिकटलेली असतात. तुमच्या मुलीच्या प्रश्नात मात्र काढलेली वाक्ये एकमेकांपासून दूर असतात, त्यांच्यामध्ये मूळ लेख असतो, त्यामुळे त्यांचा आपसांत क्रम लावून काहीच हाती येत नाही. मी येथे लंडनमध्ये प्रौढांना या परीक्षेसाठी शिकवतो.

एक चुकल्यावर दुसरे चुकते हे तिचे निरीक्षण अगदी योग्य आहे. सातवे वाक्य कुठेच बसत नाही, पण ते विषयाच्या इतके जवळ असते की एखाद्या जागी सहज सामावते. ते तिथे बसले की त्या जागेचे खरे वाक्य बेघर होते आणि मग दुसऱ्याची जागा घेते. म्हणून तिला सांगा की ज्या जागेबद्दल खात्री आहे ती आधी भरावी, पहिली जागा आधी भरण्याचा हट्ट नको. दर बरोबर उत्तराला तिथे दोन गुण असतात आणि चुकीला वजाबाकी नाही, त्यामुळे रिकामे मात्र काही सोडू नये.

---

उंबरठा

आता पंचमी यांच्या नियमाकडे वळतो. त्यांनी सांगितले की धिस किंवा द यांच्यापुढचा शब्द आधी सापडलाच पाहिजे. "एका खलाशाला", आणि पुढे "त्या खलाशाने", असे असेल तेव्हा हा नियम चोख चालतो. पण चांगल्या गद्यात लेखक तोच शब्द पुन्हा क्वचितच वापरतो. आधी जे दोन-तीन ओळींत सांगितले त्याला तो एका नामात गुंडाळतो: ही तडजोड, हा विलंब, ही भीती, हा दावा. ते नाम आधी कुठेच आलेले नसते. त्याचा आशय आलेला असतो. माझ्या मते या प्रश्नांतला सर्वांत भरवशाचा दुवा हाच आहे, जोडशब्दांपेक्षा कितीतरी अधिक, कारण अशा नामाला मागे काय हवे ते ते नाम स्वतःच सांगते.

एक उदाहरण देतो, मी वर्गात वापरतो ते.

काढलेले वाक्य: *हा विलंब केवळ अधिकाऱ्यांच्या अनास्थेमुळे झाला असे म्हणता येत नाही.*

परिच्छेद: *१७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. (१) संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. (२) त्याने हे निरीक्षण १७५३ साली प्रसिद्ध केले. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमितपणे देण्यास १७९५ साली सुरुवात केली. (३) लिंड स्वतः या रोगाची अनेक कारणे मानत होता आणि दमट हवा त्याला त्यांतले एक महत्त्वाचे कारण वाटे. (४) शिवाय त्याने सुचवलेला अर्क रस तापवून आटवलेला असल्यामुळे त्याचा गुण बराचसा नाहीसा होत असे.*

इंग्रजीत हे वाक्य "द डिले" असे सुरू होते. परिच्छेदात "विलंब" हा शब्द शोधाल तर मिळणार नाही. १७५३ आणि १७९५ हे दोन आकडे मिळतील, आणि त्यांच्यामधली बेचाळीस वर्षे म्हणजेच तो विलंब. म्हणून उत्तर ३. पंचमी यांच्या नियमाने हा प्रश्नही सदोष ठरला असता. पुढची बाजूही पाहा: "अनास्थेमुळेच नव्हे" असे म्हणणारा लेखक पुढे दुसरी कारणे देणारच, आणि "लिंड स्वतः" हे त्या कारणांचे पहिले पाऊल आहे. "स्वतः" हा शब्द अधिकाऱ्यांच्या विरुद्ध बाजूने आला आहे. ४ या जागी वाक्य घातले तर "शिवाय" आणि त्याच्या आधीचे कारण यांची ताटातूट होते.

---

पंचमी

माझ्या नियमात आशयही धरला तर तो चुकीचा ठरत नाही, एवढेच म्हणते. मात्र "सदोष प्रश्न" हा शब्द मी मागे घेते.

---

निवृत्त गुरुजी

मी कोल्हापूर जिल्ह्यात पस्तीस वर्षे मराठी आणि थोडी वर्षे इंग्रजी शिकवले. ही चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली, ती मांडतो.

अर्धविराम यांनी परिच्छेद मराठीत आणला तेव्हा प्रश्न बदलला आहे. मराठीत सर्वनामाला लिंग असते. "तो", "ती", "ते" म्हटले की आपला मेंदू आपोआप मागे जाऊन त्या लिंगाचे नाम शोधतो आणि निम्मे पर्याय तिथेच गळतात. इंग्रजीतल्या इटला ही सोय नाही. वस्तू एक आहे, एवढेच त्यातून कळते. माझे विद्यार्थी इंग्रजी उतारा वाचताना इटवरून भराभर पुढे जात असत, कारण त्यांना वाटे की अर्थ कळला. मी त्यांना पेन्सिलीने इटपासून त्याच्या नामापर्यंत बाण काढायला लावत असे. दहातले चार बाण चुकीच्या नामाला जाऊन टेकत.

गंमत अशी की या परिच्छेदात लिंगही मदतीला येत नाही. पद्धत, गैरसोय, वेळ, व्यवस्था, प्रमाणवेळ, तडजोड, सगळ्या स्त्रीलिंगी. "मुंबईने तिला विरोध केला" यातली "ती" कोण, हा प्रश्न मराठीतही उभा राहतो. अर्धविराम यांनी वाक्य ४ या जागी ठेवले तर "तिला" म्हणजे तडजोडीला, असेही वाचता येते. कदाचित म्हणूनच भाषांतर करताना त्यांना आपले उत्तर अधिकच पटले असेल.

---

अर्धविराम

गुरुजी, आपण अगदी नेमके ओळखलेत. मूळ इंग्रजीत "बॉम्बे रेझिस्टेड इट" असे आहे आणि मी ते वाचताना इट म्हणजे तडजोड असेच धरले होते. उंबरठा सरांनी "वेळापत्रकापुरतीच" हा शब्द दाखवल्यावर ४ का चालत नाही ते पटले. मी तो शब्द वाचलाच नव्हता, म्हणजे डोळ्यांनी वाचला होता, पण हाउएव्हर दिसल्यावर पुढचे वाक्य माझ्यासाठी संपलेच होते.

एक विचारतो. इंग्रजीतले अ आणि द यांचे काय करायचे? क्लासमध्ये सांगतात की अ असलेले वाक्य आधी आणि द असलेले नंतर. मला हा दुवा वाचताना दिसतच नाही.

---

निवृत्त गुरुजी

तो दिसत नाही याचे कारण आपल्या भाषेत त्यासाठी वेगळा शब्द ठेवलेला नाही. "राजा आला" यात कोणता राजा ते मराठी वाचक संदर्भावरून ठरवतो. पण व्यवस्था आपल्याकडेही आहे, ती कहाणीत पाहा. "आटपाट नगर होते. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती." यातले मधले वाक्य काढून ठेवा आणि कोणत्याही आजीला विचारा की ते कुठे घालायचे. "त्या राजाला" याच्या आधी "एक राजा" आलाच पाहिजे, हे ती न शिकता सांगेल. "तिथे" म्हणजे नगरात, हेही सांगेल. इंग्रजी अ वाचताना मनात "एक" म्हणा आणि द वाचताना "तो" म्हणून पाहा. "तो" म्हटल्यावर "तो कोण?" असा प्रश्न मनात आला की मागे बघा.

---

टेम्सकाठ

गुरुजींची युक्ती मी माझ्या वर्गातल्या मराठी विद्यार्थिनीला सांगणार आहे. फक्त तिची मर्यादाही सांगून ठेवतो. द सन, द गव्हर्न्मेंट, द रेल्वेज यांना आधीचा उल्लेख लागत नाही, कारण वाचकाला ते ठाऊकच असतात. शिवाय एका घराचे वर्णन आले की पुढे "द रूफ" येऊ शकते. छपराचा उल्लेख आधी झालेला नसतो, घराचा झालेला असतो. विद्यार्थी तिथे "छप्पर" हा शब्द शोधत बसतात. तेव्हा द दिसला की "हा कोणाचा?" असेही विचारावे, केवळ "आधी कुठे आला?" असे नव्हे.

नावांचा दुवा मात्र याहून पक्का असतो. उंबरठा यांच्या परिच्छेदात पहिल्यांदा "जेम्स लिंड या शल्यवैद्याने" आणि नंतर नुसते "लिंड" आहे. काढलेल्या वाक्यात पूर्ण नाव आणि ओळख असेल, तर ते नुसत्या आडनावाच्या आधी जाते. याला अपवाद मी फार कमी पाहिले आहेत.

---

रातराणी

मी नागपूरला बँकेत आहे आणि कॅट दोनदा दिली आहे. इथे सगळेजण काढलेले वाक्य आधी वाचावे असे गृहीत धरून बोलत आहेत. मला ते पटत नाही. वाक्य आधी वाचले की आपण ते परिच्छेदावर लादतो, अर्धविराम यांनी केले तसेच. मी आधी परिच्छेद रिकाम्या जागांसह वाचते आणि प्रत्येक जागेपाशी एवढेच पाहते की ही जागा बंद आहे की उघडी. पुढचे वाक्य मागच्याला घट्ट धरून असेल तर जागा बंद. वरच्या परिच्छेदात २ बंद आहे, कारण "त्यावर उपाय म्हणून" हे शब्द लगेच मागच्या गैरसोयीला धरून आहेत. १ सुद्धा बंद आहे, कारण "ही पद्धत" म्हणजे पहिल्या वाक्यातली पद्धत. मग ३ आणि ४ उरतात. वाक्य त्यानंतर वाचते. पूर्ण भागाला चाळीस मिनिटे आणि चोवीस प्रश्न असतात. अशा प्रश्नाला मी दीड मिनिटापेक्षा जास्त देत नाही.

---

उंबरठा

रातराणी यांची पद्धत उत्तम आहे, पण "बंद" हा शब्द मी जपून वापरेन. मागच्या वाक्याचाच विषय पुढे नेणारे वाक्य मध्ये आले तर घट्ट वाटणारी जागाही उघडते. समजा काढलेले वाक्य असे असते: *त्यामुळे मुंबईत दुपारचे बारा वाजत तेव्हा कलकत्त्यात एक वाजून गेलेला असे.* हे वाक्य १ या जागी बिनदिक्कत बसते, आणि त्यानंतरही "ही पद्धत" म्हणजे पहिल्या वाक्यातली पद्धतच राहते. रातराणी यांनी १ आधीच बंद करून ठेवली असती तर खरे उत्तर त्यांच्या हातून गेले असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना जागेवर काट मारू देत नाही, बारीक टिंब देऊ देतो.

आधी वाक्य की आधी परिच्छेद, यावर माझे मत असे आहे की वाक्य आधी वाचावे, पण त्यातल्या जोडशब्दावर बोट ठेवून उरलेले वाचावे. "मात्र" झाकून *ही तडजोड वेळापत्रकापुरतीच राहिली. गावांतली घड्याळे पूर्वीप्रमाणेच चालत होती* एवढेच वाचले असते, तर अर्धविराम थेट रेल्वेकडे गेले असते. जोडशब्द शेवटी उघडावा, पडताळ्यासाठी.

---

रातराणी

जोडशब्द झाकण्याची कल्पना करून पाहीन. आधी परिच्छेद वाचण्यावर मात्र मी ठाम आहे. माझ्यासारख्या सावकाश वाचणाऱ्याला दोन्ही वेळा वाक्याकडे परत येणे परवडत नाही.

---

अर्धविराम

काल रात्री जुने सातही चुकलेले प्रश्न उंबरठा सरांच्या पद्धतीने, म्हणजे जोडशब्दावर बोट ठेवून, पुन्हा सोडवले. त्यांतले पाच बरोबर आले. अर्थात उत्तरे एकदा पाहिलेली असल्यामुळे या आकड्याला फारसा अर्थ नाही, हे मलाही कळते. पण चुकांचे कारण या वेळी दिसले. सातांपैकी चार ठिकाणी मी पुढचे वाक्य वाचलेच नव्हते. दोन ठिकाणी सच या शब्दावर घसरलो. "सच फिअर्स" असे होते आणि मी भीती हा शब्द शोधत होतो, प्रत्यक्षात आधीच्या वाक्यात लोक काय बोलत होते ते दिले होते आणि तीच भीती होती.

उरलेल्या एका प्रश्नात मात्र मला कोणताच दुवा सापडत नाही. ना धिस, ना द, ना जोडशब्द. तो परिच्छेद येथे देता येणार नाही, म्हणून त्याच्यासारखे एक वाक्य वरच्याच परिच्छेदासाठी बनवतो: *वेळ ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून माणसांनी आपसांत केलेला करार आहे.* समजा पहिल्या वाक्याच्या आधी एक जागा आहे आणि शेवटच्या वाक्यानंतर एक. हे वाक्य कुठे जाईल?

---

टेम्सकाठ

मी शेवटी ठेवेन. परिच्छेद तपशिलाकडून निष्कर्षाकडे जातो आणि "करार" हा शब्द वाचकाला मुंबईचा विरोध कळल्यानंतर अधिक अर्थपूर्ण वाटतो.

---

निवृत्त गुरुजी

मी आरंभी ठेवेन. पुढचे प्रत्येक वाक्य त्या विधानाचा दाखला ठरते, आणि पहिल्या वाक्यातला "स्थानिक सूर्य" त्या "निसर्गाने दिलेली" या शब्दांना लगेच उत्तर देतो.

---

उंबरठा

असा प्रश्न मी लिहिला तर आमचे परीक्षक तो मला परत पाठवतील, आणि त्यांचे बरोबर असेल. वाक्याला मागे किंवा पुढे धरणारे काहीच नसेल तर दोन्ही उत्तरांची बाजू मांडता येते, आणि ती वर दोघांनी मांडलीच आहे. खऱ्या परीक्षेतल्या वाक्यात कुठेतरी एक धागा ठेवलेला असतो. तुमच्या मूळ प्रश्नातही तो असण्याची शक्यता आहे आणि भाषांतरात किंवा आठवणीत तो सुटला असेल. शेवटच्या जागेआधीच्या वाक्यात एखादा प्रश्न विचारला आहे का, किंवा पहिल्या वाक्यात "पण" सारखा शब्द आहे का, एवढे पाहून सांगाल का? पहिले वाक्य "पण" ने सुरू होत असेल तर त्याच्या आधी काहीतरी असलेच पाहिजे.

---

अर्धविराम

सर, आत्ता पाहिले. पहिल्या वाक्यात यट आहे, तेही वाक्याच्या मधोमध, स्वल्पविरामांच्या आत. मी तो ओलांडून गेलो होतो. पण तो त्याच वाक्याच्या दोन भागांना जोडतो की मागच्या काढलेल्या वाक्याला, हे मला अजून ठरवता येत नाही. संध्याकाळी पूर्ण वाक्याची रचना मराठीत मांडून येथे टाकतो.